लांब ब्रिज ट्रसमधले हवे तेवढेच मेंबर सोडवायचे असतील तर: मेथड ऑफ सेक्शन्स पायरी पायरीने

साठ मीटरचा ट्रस पूल समोर आहे, त्यात ३७ मेंबर आहेत आणि तुम्हाला फक्त मधल्या एका पॅनलमधल्या तीन मेंबरमधला फोर्स हवाय. मेथड ऑफ जॉइंट्सने गेलात तर टोकाच्या जॉइंटपासून एकेक जॉइंट सोडवत आत यावं लागतं, आपल्या उदाहरणात सात जॉइंट म्हणजे चौदा समीकरणं, आणि दुसऱ्या जॉइंटला एखादं चिन्ह उलटं पडलं तर ती चूक पुढे सगळीकडे जाते आणि कळतही नाही. मेथड ऑफ सेक्शन्समध्ये ट्रस आपल्याला हवा तिथेच कापायचा, अर्धा भाग बाजूला घ्यायचा आणि त्या भागाचं संतुलन लिहायचं, तीन मेंबरना तीन समीकरणं, आणि नीट निवडली तर प्रत्येक समीकरणात एकच अज्ञात. जर्मन इंजिनिअर ऑगस्ट रिटर यांनी १८६० च्या दशकात ही पद्धत मांडली म्हणून बऱ्याच ठिकाणी तिला रिटरची पद्धत असंही म्हणतात.

समीकरणं सोपी असतात, खरं कौशल्य आहे कुठून कापायचं आणि मोमेंट कुठल्या बिंदूभोवती घ्यायचे हे ठरवण्यात, त्यामुळे त्या दोन गोष्टींवर मी जास्त थांबणार आहे.

आपला ट्रस

प्रॅट ट्रस घेऊ. १८४४ साली अमेरिकेत पेटंट झालेला हा प्रकार, यात उभे मेंबर असतात आणि डायगोनल टॉप कॉर्डकडून खाली पुलाच्या मध्याकडे उतरतात. स्पॅन ६० मीटर, प्रत्येकी ६ मीटरची दहा पॅनल, उंची ८ मीटर. ६ आणि ८ मुद्दाम घेतलेत कारण मग डायगोनल बरोबर १० मीटरचा होतो आणि आकडे स्वच्छ राहतात.

खालच्या जॉइंटना डावीकडून ख०, ख१, ख२ असं ख१० पर्यंत म्हणू, वरच्यांना व१ ते व९. व३ हा ख३ च्या बरोबर डोक्यावर, व४ हा ख४ च्या. ख० ला पिन सपोर्ट, ख१० ला रोलर. ख०–व१ आणि व९–ख१० हे तिरके एंड पोस्ट. डाव्या अर्ध्यातले डायगोनल व१–ख२, व२–ख३, व३–ख४, व४–ख५ आणि उजवीकडे त्यांचं आरशातलं रूप. कागदावर हे चित्र काढा, नाव घालून, आणि शेजारी ठेवूनच पुढे वाचा, चित्राशिवाय ही पद्धत डोक्यात करायला जाणं म्हणजे चुकीला आमंत्रण.

लोड असा: डेकचं आणि ट्रसचं वजन मिळून ख१ ते ख९ या प्रत्येक जॉइंटवर ६० किलोन्यूटन. त्याशिवाय एक जड वाहन उभं आहे, त्याचे १०० किलोन्यूटन ख४ वर आणि १०० किलोन्यूटन ख५ वर येतात. म्हणजे ख४ आणि ख५ वर प्रत्येकी १६०. हे सगळं एका बाजूच्या ट्रसच्या वाट्याचं आहे असं धरलंय, खऱ्या पुलात दोन्ही बाजूंना एकेक ट्रस असतो आणि डेकचा भार आडव्या फ्लोअर बीममधून दोघांच्या जॉइंटवर उतरतो. भार जॉइंटवरच येतो हे गृहीत महत्त्वाचं आहे, कारण मेंबरच्या मध्यावर लोड आला की तो मेंबर वाकायला लागतो आणि त्यात फक्त लांबीच्या दिशेने फोर्स आहे हे म्हणणं खोटं पडतं.

काढायचे मेंबर: टॉप कॉर्ड व३–व४, डायगोनल व३–ख४, बॉटम कॉर्ड ख३–ख४. नंतर उभा मेंबर व४–ख४ सुद्धा काढू कारण त्याचं सेक्शन वेगळं लागतं.

पायरी १: ट्रस सुटण्यासारखा आहे का आणि रिॲक्शन किती

आधी मोजून घ्या. जॉइंट ११ खाली आणि ९ वर, एकूण २०. मेंबर: खाली १०, वर ८, उभे ९, डायगोनल ८, एंड पोस्ट २, एकूण ३७. दुप्पट जॉइंट वजा तीन म्हणजे ४० − ३ = ३७, जुळलं. रचना त्रिकोणांची आहे आणि सपोर्ट साधे आहेत, तेव्हा फक्त संतुलनाच्या समीकरणांनी हा सुटणार. मेंबर जास्त निघाले असते (काही पुलांत एकाच पॅनलमध्ये दोन डायगोनल एकमेकांना छेदतात तसे) तर नुसत्या सेक्शनने भागलं नसतं.

आता रिॲक्शन, संपूर्ण ट्रसवरून. ६० चे नऊ लोड सममित आहेत म्हणून दोन्हीकडे निम्मे, २७० आणि २७०. ख४ वरचे १०० घ्या, डाव्या सपोर्टपासून दहातली चार पॅनल दूर, म्हणून डाव्या सपोर्टला ६० आणि उजव्याला ४०. ख५ वरचे १०० बरोबर मध्यावर, ५०-५०.

डावी रिॲक्शन = २७० + ६० + ५० = ३८० किलोन्यूटन
उजवी रिॲक्शन = २७० + ४० + ५० = ३६० किलोन्यूटन

बेरीज ७४०, आणि एकूण लोड ५४० + २०० = ७४०. ही बेरीज केल्याशिवाय पुढे जाऊ नका, रिॲक्शन चुकली तर पुढचं कितीही नीट केलं तरी उत्तर चुकीचंच येणार आणि सेक्शनच्या आतली कुठलीच पडताळणी ते पकडणार नाही.

पायरी २: कापायचं कुठून

कापणारी रेषा ट्रसच्या आरपार गेली पाहिजे, म्हणजे ट्रसचे दोन पूर्ण वेगळे तुकडे झाले पाहिजेत, आणि ती मेंबरमधून गेली पाहिजे, जॉइंटमधून नाही. आणि कापलेले अज्ञात मेंबर शक्यतो तीनच, कारण एका सपाट तुकड्याला संतुलनाची समीकरणं तीनच मिळतात.

आपल्याला हव्या असलेल्या तिन्ही मेंबरमधून एक उभी रेषा जाते, ख३ आणि ख४ च्या मधून. ती व३–व४, व३–ख४ आणि ख३–ख४ या तिघांना कापते आणि चौथ्याला हात लावत नाही. झालं.

आता कुठला तुकडा घ्यायचा? दोन्ही बरोबरच आहेत, ज्यावर लोड कमी तो घ्यायचा. डाव्या तुकड्यावर एक रिॲक्शन आणि ६० चे तीन लोड, उजव्यावर रिॲक्शन आणि सहा जॉइंटचे लोड. डावा घेऊ.

पायरी ३: तुकड्याचं चित्र

डावा तुकडा वेगळा काढा, उरलेला ट्रस खरंच पुसून टाका. आता त्यावर काय काय आहे ते लिहा: ख० ला वर ३८०. ख१, ख२, ख३ ला खाली प्रत्येकी ६०. कापलेल्या तीन टोकांना तीन अज्ञात फोर्स, आणि तिघांचे बाण तुकड्यापासून बाहेर जाणारे काढा, म्हणजे सगळे टेन्शनमध्ये आहेत असं धरा. हा नियम कधी मोडू नका. टॉप कॉर्ड कॉम्प्रेशनमध्ये आहे हे तुम्हाला आधीच माहीत असलं तरी बाण बाहेरच, उत्तर वजा आलं की आपोआप कळतं कॉम्प्रेशन आहे. अंदाजाने एक बाण आत एक बाहेर काढत बसलात तर शेवटी वजा चिन्हाचा अर्थ काय हे प्रत्येक मेंबरला वेगळं आठवावं लागतं.

ख४ वरचे १६० या चित्रात नाहीत. ख४ हा जॉइंट उजव्या तुकड्यावर गेला. व३–ख४ आणि ख३–ख४ ही मेंबर ख४ कडे जातात खरी, पण कापलेली आहेत, तिथला लोड आता आपल्या तुकड्याचा नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात, त्यावर खाली परत येतो.

पायरी ४: मोमेंटचा बिंदू निवडा

नियम असा: जो मेंबर हवा आहे तो सोडून बाकीचे दोन मेंबर जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूभोवती मोमेंट घ्या. त्या दोघांचे फोर्स त्या बिंदूतून जातात, त्यांचा मोमेंट शून्य, आणि समीकरणात उरतो तो फक्त हवा असलेला. तो बिंदू आपल्या तुकड्यावर असायची अजिबात गरज नाही, ट्रसच्या बाहेर हवेत असला तरी चालतो, मोमेंट कुठल्याही बिंदूभोवती शून्यच असतो.

टॉप कॉर्ड व३–व४ हवा. बाकीचे दोन, डायगोनल आणि बॉटम कॉर्ड, ख४ ला भेटतात. तर ख४ भोवती मोमेंट घ्या (ख४ आपल्या तुकड्यावर नाही, तरी चालतं). रिॲक्शन २४ मीटर लांब, घड्याळाच्या दिशेने फिरवते. लोड अनुक्रमे १८, १२, ६ मीटरवर, उलट फिरवतात.

३८० × २४ − ६० × (१८ + १२ + ६) = ९१२० − २१६० = ६९६० किलोन्यूटन-मीटर, घड्याळाच्या दिशेने

व३–व४ चा फोर्स ८ मीटर उंचीवर, उजवीकडे ओढणारा धरलाय, तोही घड्याळाच्याच दिशेने फिरवतो. मग ६९६० + ८ × फोर्स = ० म्हणजे

व३–व४ = −८७० किलोन्यूटन, म्हणजे ८७० कॉम्प्रेशन

बॉटम कॉर्ड ख३–ख४ हवा. टॉप कॉर्ड आणि डायगोनल व३ ला भेटतात. व३ भोवती: रिॲक्शन १८ मीटर, ख१ चा लोड १२, ख२ चा ६, ख३ चा लोड व३ च्या बरोबर खाली म्हणून अंतर शून्य.

३८० × १८ − ६० × (१२ + ६) = ६८४० − १०८० = ५७६०, घड्याळाच्या दिशेने

ख३–ख४ उजवीकडे ओढतो आणि व३ च्या ८ मीटर खाली आहे, तर तो उलट दिशेने फिरवतो, ८ × फोर्स = ५७६०,

ख३–ख४ = ७२० किलोन्यूटन टेन्शन

डायगोनल व३–ख४ हवा. बाकीचे दोन म्हणजे वरची आणि खालची कॉर्ड, त्या समांतर आहेत, कुठेच भेटत नाहीत. अशा वेळी मोमेंट सोडून द्या आणि उभ्या फोर्सची बेरीज करा, कारण आडव्या मेंबरना उभा भाग नसतोच. डायगोनल १० मीटर लांब आणि ८ मीटर खाली उतरतो, उभा भाग ०.८, आडवा ०.६.

३८० − १८० − ०.८ × फोर्स = ०

व३–ख४ = २०० ÷ ०.८ = २५० किलोन्यूटन टेन्शन

बघा, तिन्ही उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत. एक चुकलं तरी बाकी दोन शाबूत राहतात, आणि म्हणूनच खालची पडताळणी खरी पडताळणी ठरते.

पायरी ५: पडताळणी, आणि तिची मर्यादा

आडव्या फोर्सची बेरीज अजून वापरलेलीच नाही. ती करा: ७२० − ८७० + ०.६ × २५० = ७२० − ८७० + १५० = ०. जुळलं.

पण ही पडताळणी सगळं पकडत नाही. समजा कोणी ख४ वरचे १६० चुकून डाव्या तुकड्यात धरले. टॉप कॉर्डला फरकच पडणार नाही कारण मोमेंट ख४ भोवतीच घेतोय, ८७० तसाच येईल. बॉटम कॉर्डमध्ये १६० × ६ = ९६० जास्तीचे येतील, ६७२० ÷ ८ = ८४०. डायगोनल (२०० − १६०) ÷ ०.८ = ५०. आता आडवी बेरीज करा: ८४० − ८७० + ३० = ०. बरोब्बर शून्य! म्हणजे डायगोनल २५० च्या जागी ५० आला, पाचपट चूक, आणि पडताळणी खूश. कारण साधं आहे, ही बेरीज तुमचं गणित चित्राशी जुळतं का एवढंच सांगते, चित्र ट्रसशी जुळतं का ते सांगत नाही.

चित्राची चूक पकडायची असेल तर दुसरा तुकडा घ्या. उजवीकडे रिॲक्शन ३६०, लोड ख४ आणि ख५ चे १६० आणि ख६ ते ख९ चे २४०, एकूण ५६०. खाली २०० जास्त, ते डायगोनलने वर ओढून धरायचे, २०० ÷ ०.८ = २५०, डावीकडच्याशी जुळलं. ख४ भोवतीचा मोमेंट: ३६० × ३६ − १६० × ६ − ६० × (१२ + १८ + २४ + ३०) = १२९६० − ९६० − ५०४० = ६९६०, तोच आकडा. ख४ चा लोड चुकून दोन्हीकडे धरला असता तर डावीकडून ५० आणि उजवीकडून २५० आलं असतं आणि लगेच कळलं असतं. प्रत्येक लोड दोनपैकी एकाच तुकड्यावर असला पाहिजे, हे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून टिक करत गेलात तर ही चूक राहतच नाही.

अजून एक झटपट कसोटी म्हणजे ट्रसला एक बीम समजा. त्या बीमचा मोमेंट भागिले उंची म्हणजे कॉर्डचा फोर्स, शिअर म्हणजे डायगोनलचा उभा भाग. साध्या टेकलेल्या पुलात वरची कॉर्ड कॉम्प्रेशनमध्ये आणि खालची टेन्शनमध्ये यायलाच हवी, आणि मध्याकडे जाताना कॉर्डचे फोर्स वाढत जायला हवेत. उलटं दिसलं तर थांबा आणि चिन्हं तपासा.

उभा मेंबर: सेक्शन तिरकं घ्यायचं

व४–ख४ काढायचा तर उभी रेषा उपयोगाची नाही, ती त्याला समांतर जाते. मग रेषा तिरकी घ्या: वर व३ आणि व४ च्या मधून शिरा, व४–ख४ ला कापा, आणि खाली ख४ आणि ख५ च्या मधून बाहेर पडा. आता डाव्या तुकड्यावर ख० ते ख४ आणि व१ ते व३ आहेत. कापलेले मेंबर व३–व४, व४–ख४, ख४–ख५, तीनच. डायगोनल व३–ख४ पूर्णच्या पूर्ण तुकड्याच्या आत राहिला, तो कापलाच नाही, म्हणून तो चित्रात येत नाही.

आणि या वेळी ख४ आपल्या तुकड्यावर आहे, त्याचे १६० मोजायचे. उभी बेरीज: ३८० − १८० − १६० = ४० वर. व४–ख४ टेन्शनमध्ये धरला तर तो ख४ ला वर ओढतो, म्हणून ४० + फोर्स = ०, उत्तर ४० किलोन्यूटन कॉम्प्रेशन.

हे खाली लोड असलेल्या डेकसाठी. डेक टॉप कॉर्डवर असता तर १६० व४ वर असते, व४ उजव्या तुकड्यात आहे, मग डाव्यावर २०० शिल्लक राहिले असते आणि मेंबर २०० कॉम्प्रेशनमध्ये आला असता. कॉर्ड आणि डायगोनलचे फोर्स दोन्हीत सारखेच राहतात, फक्त उभ्यांचे बदलतात. त्यामुळे डेक वर आहे की खाली हे प्रश्नात आधी वाचा.

टॉप कॉर्ड तिरकी असेल तर

लांब पुलांत उंची सगळीकडे सारखी ठेवत नाहीत, मध्याला जास्त आणि टोकांना कमी, वरची कॉर्ड मोडत मोडत वर चढते. प्रॅटचं असं रूप म्हणजे पार्कर ट्रस. स्पॅन, पॅनल, लोड सगळं तेच ठेवा, फक्त व३ ची उंची ७ मीटर आणि व४ ची ८ मीटर करा. बाकीच्या उंच्या किती ते आपल्याला लागतच नाही, कारण बाकीचे मेंबर तुकड्याच्या आत आहेत.

आता डायगोनलसाठी नुसती उभी बेरीज चालणार नाही, तिरक्या टॉप कॉर्डला पण उभा भाग आहे. पण कॉर्ड समांतर नाहीत म्हणजे त्या कुठेतरी भेटतात! टॉप कॉर्ड ६ मीटरला १ मीटर चढते, तर व३ पासून ७ मीटर उतरायला ४२ मीटर डावीकडे जावं लागेल. व३ ख० पासून १८ मीटरवर आहे, म्हणजे दोन्ही कॉर्ड ख० च्या २४ मीटर डावीकडे, पुलाच्या बाहेर हवेत भेटतात. त्या बिंदूला क म्हणू.

क भोवती मोमेंट: रिॲक्शन २४ मीटरवर, लोड ३०, ३६, ४२ मीटरवर.

३८० × २४ − ६० × (३० + ३६ + ४२) = ९१२० − ६४८० = २६४०

डायगोनलचं क पासूनचं लंब अंतर काढत बसू नका. फोर्स त्याच्या स्वतःच्या रेषेवर कुठेही सरकवता येतो, तर तो ख४ पर्यंत सरकवा आणि तिथे आडवा-उभा असे दोन भाग करा. आडवा भाग बॉटम कॉर्डच्या रेषेत म्हणजे क मधूनच जातो, मोमेंट शून्य. उभा भाग क पासून ४८ मीटरवर. २६४० ÷ ४८ = ५५ किलोन्यूटन. हा फक्त उभा भाग, डायगोनल आता ६ आडवा ७ उभा, लांबी सुमारे ९.२२ मीटर, म्हणून पूर्ण फोर्स ५५ × ९.२२ ÷ ७ = सुमारे ७२.४ टेन्शन.

समांतर कॉर्डच्या ट्रसमध्ये तोच डायगोनल २५० घेत होता. मग बाकीचा शिअर गेला कुठे? टॉप कॉर्ड बघा. ख४ भोवतीचा मोमेंट ६९६० तसाच आहे, कॉर्डचा फोर्स व४ पर्यंत सरकवला तर त्याचा उभा भाग ख४ च्या डोक्यावरून जातो, मोमेंट शून्य, उरतो आडवा भाग ८ मीटरवर, ८७० कॉम्प्रेशन. चढ एकास सहा, तर उभा भाग ८७० ÷ ६ = १४५. आणि ५५ + १४५ = २००, पूर्ण शिअर. वाढत्या उंचीची कॉर्ड शिअरचा मोठा वाटा स्वतः घेते आणि डायगोनल हलके होतात, हा आकार वापरण्यामागचं एक मोठं कारण हेच. बॉटम कॉर्ड ५७६० ÷ ७ = ८२२.९, डायगोनलचा आडवा भाग ५५ × ६ ÷ ७ = ४७.१, बेरीज ८७०, जुळलं.

८७० हा फक्त आडवा भाग आहे हे विसरू नका, मेंबरमधला खरा फोर्स तिरक्या लांबीच्या प्रमाणात थोडा जास्त, सुमारे ८८२. इथे फरक छोटा आहे, पण चढ जास्त असेल तेव्हा आडव्या भागालाच उत्तर म्हणून लिहिणं महागात पडतं.

वाहन पुढे सरकलं की चिन्ह उलटतं

परत समांतर कॉर्डचा ट्रस घ्या आणि शेजारच्या पॅनलमधला डायगोनल व४–ख५ बघा. आपल्या लोडला तिथला शिअर ३८० − १८० − १६० = ४०, म्हणून डायगोनल ५० टेन्शन. आता वाहनाचे सगळे २०० किलोन्यूटन एकट्या ख४ वर आले असं समजा. डावी रिॲक्शन २७० + १२० = ३९०. ख४ आणि ख५ च्या मधून कापलं तर डावीकडचे लोड ६० चे चार आणि २००, एकूण ४४०. शिअर ३९० − ४४० = −५०, डायगोनल −५० ÷ ०.८ = −६२.५, म्हणजे ६२.५ कॉम्प्रेशन.

एकूण लोड तोच, फक्त वाहन थोडं डावीकडे, आणि टेन्शनमधला मेंबर कॉम्प्रेशनमध्ये गेला. प्रॅटचे डायगोनल टेन्शनसाठी म्हणून अनेकदा सडपातळ ठेवलेले असतात, दहा मीटर लांबीचा सडपातळ मेंबर दाबला की बाजूला वाकून निकामी होतो. म्हणूनच जुन्या प्रॅट पुलांत मधल्या पॅनलमध्ये दुसऱ्या दिशेने काउंटर डायगोनल घातलेले दिसतात. टोकाकडच्या पॅनलमध्ये कायमच्या वजनाचा शिअर इतका मोठा असतो की हे सहसा होत नाही, मध्याजवळ तो जेमतेम असतो (इथे २७० − २४० = ३०) म्हणून तिथेच धोका. त्यामुळे मधल्या पॅनलचा डायगोनल विचारला असेल तर एकाच लोडच्या उत्तरावर थांबू नका, वाहन पॅनलच्या डाव्या जॉइंटवर आणि मग उजव्या जॉइंटवर ठेवून दोनदा कापा. कॉर्डना ही भीती नाही, साध्या टेकलेल्या पुलात खालच्या दिशेचा लोड कुठेही असला तरी त्यांचं चिन्ह बदलत नाही.

चार मेंबर कापले जात असतील तर

के-ट्रसमध्ये उभ्या मेंबरच्या मध्यावर एक जॉइंट असतो आणि तिथून दोन डायगोनल शेजारच्या उभ्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जातात. पॅनलमधून उभी रेषा मारली की दोन कॉर्ड आणि दोन डायगोनल, चार अज्ञात, तीन समीकरणं, अडकलात. इथे सेक्शन वाकडं घ्यायचं. समजा मधल्या जॉइंटचे दोन्ही डायगोनल उजवीकडे जातात. मग रेषा वरून उजव्या पॅनलच्या टॉप कॉर्डमधून शिरवा, उभ्याचा वरचा अर्धा कापा, मधल्या जॉइंटला डावीकडून वळसा घाला, उभ्याचा खालचा अर्धा कापा आणि उजव्या पॅनलच्या बॉटम कॉर्डमधून बाहेर या. कापलेले अजूनही चारच आहेत, पण त्यातले तीन (उभ्याचे दोन्ही अर्धे आणि बॉटम कॉर्ड) त्या उभ्याच्या खालच्या जॉइंटमधून जातात. त्या जॉइंटभोवती मोमेंट घेतला की टॉप कॉर्ड एका समीकरणात मोकळी, आणि कॉर्ड आडव्या असतील तर लगेच आडव्या बेरजेतून बॉटम कॉर्डही.

डायगोनल उरले. मधल्या जॉइंटला फक्त ते दोघंच तिरके आहेत, बाकी उभे, म्हणून आडव्या बेरजेवरून त्या दोघांचे आडवे भाग सारखे आणि विरुद्ध, एक टेन्शन तर दुसरा तेवढ्याच आडव्या भागाचा कॉम्प्रेशन. मधला जॉइंट बरोबर निम्म्यावर असेल आणि कॉर्ड समांतर असतील तर पॅनलचा शिअर दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. आपल्याच पॅनलचा २०० शिअर घ्या: प्रत्येकाला उभा भाग १००, ६ मीटर आडव्याला ४ मीटर उभं, लांबी ७.२१ मीटर, फोर्स १०० × ७.२१ ÷ ४ = सुमारे १८०, एकात टेन्शन आणि दुसऱ्यात कॉम्प्रेशन. कुठला टेन्शनमध्ये ते उभ्या रेषेने कापून डाव्या तुकड्यावरून बघा: तिथे २०० वर ढकलतायत, तर दोन्ही डायगोनलनी मिळून तुकड्याला खाली दाबलं पाहिजे. खालच्या टोकाकडे उतरणारा तुकड्याला खाली ओढतो म्हणून तो टेन्शनमध्ये, वर चढणारा खाली ढकलतो म्हणून तो कॉम्प्रेशनमध्ये.